कॅमेऱ्याखालची पाटी काय सांगत नाही

२००९ च्या सुरुवातीला स्पेनमध्ये, बार्सिलोनाजवळच्या एका सुपरमार्केटचा हिशेब जुळेना. साठ्यातला माल आणि गल्ल्यावरची विक्री यांत दर महिन्याला तफावत यायची. फेब्रुवारीत ती साडेसात हजार युरोंच्या पुढे होती, जूनपर्यंत चोवीस हजारांच्या पुढे गेली. १५ जूनला व्यवस्थापकाने कॅमेरे बसवले. काही उघड होते आणि त्यांचे तोंड ये-जा करण्याच्या दारांकडे होते. त्यांची माहिती कामगारांना देण्यात आली, दुकानात पाटीही लागली. बाकीचे कॅमेरे लपवलेले होते आणि ते थेट गल्ल्यांवर रोखलेले होते. त्यांच्याबद्दल कोणालाच काही सांगितले नव्हते. दहा दिवसांच्या रेकॉर्डिंगमध्ये दिसले की काही कॅशियर वस्तू स्कॅन करून नंतर बिल रद्द करत आहेत, आणि गिऱ्हाइकांना व सहकाऱ्यांना पैसे न देताच माल नेऊ देत आहेत. चौदा जणांची नोकरी गेली.

त्यातल्या पाच जणी कोर्टात गेल्या. चोरी झाली की नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा नव्हता. त्यांचे म्हणणे असे की, स्पेनच्या तेव्हाच्या कायद्याप्रमाणे चित्रीकरणाची माहिती आधी देणे बंधनकारक होते. ती अर्धीच दिली गेली. प्रकरण स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत पोहोचले. जानेवारी २०१८ मध्ये निकाल कामगारांच्या बाजूने लागला. ऑक्टोबर २०१९ मध्ये सतरा न्यायाधीशांच्या मोठ्या पीठाने चौदा विरुद्ध तीन मतांनी तो फिरवला.

मालकांनी या निकालाचा अर्थ ‘छुपा कॅमेरा चालतो’ असा लावला. निकाल नीट वाचला तर तसे दिसत नाही. न्यायालयाने छुपे चित्रीकरण चालवून घेतले, कारण नुकसान मोठे होते आणि एकाहून अधिक जणांचा हात असल्याचा रास्त संशय होता. चित्रीकरण फक्त दहा दिवस चालले. कॅमेरे फक्त गल्ल्यांवर होते, जिथे दिवसभर गिऱ्हाइकांची वर्दळ असते. फुटेज मोजक्याच लोकांनी पाहिले आणि ते चोरीखेरीज दुसऱ्या कशासाठी वापरले गेले नाही. यातली एखादी गोष्ट जरी वेगळी असती तरी तागडे दुसऱ्या बाजूला झुकू शकले असते. नुसत्या किरकोळ संशयावर छुपा कॅमेरा लावता येणार नाही, हेही न्यायालयाने बजावले. कॅमेरा कुठे आहे यावर खासगीपणाची अपेक्षा बदलते, असेही त्याने सांगितले: स्वच्छतागृहात आणि कपडे बदलण्याच्या खोलीत ती सर्वांत जास्त, बंद केबिनमध्येही बरीच, आणि लोकांच्या डोळ्यांसमोरच्या काउंटरवर कमी. थोडक्यात, आधी सांगणे हा नियम आणि न सांगणे हा अपवाद. अपवादाची जबाबदारी मालकाने पेलायची.

आपल्याकडे मात्र सांगणे म्हणजे ‘आपण सीसीटीव्ही कॅमेऱ्याच्या निगराणीखाली आहात’ एवढी पाटी. कशासाठी, कुठे कुठे, किती दिवस आणि कोण पाहणार, यातले काहीच त्या पाटीत नसते. ती चोराला उद्देशून लिहिलेली असते, पण दिवसाचे नऊ-दहा तास तिच्याखाली वावरतो तो कामगार. माझे मत स्पष्ट आहे: कामाच्या ठिकाणची कॅमेऱ्याची नोटीस ही कामगाराला घातलेली तंबी नसावी. पाहणाऱ्याने स्वतःवर घालून घेतलेली ती मर्यादा असावी, आणि तिच्यातला प्रत्येक शब्द तपासता आला पाहिजे.

भारतात याला जास्तच महत्त्व आहे, आणि त्याचे कारण आपल्या कायद्यातच आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ओळखू येणाऱ्या माणसाच्या डिजिटल चित्रणाला वैयक्तिक डेटाच मानतो. एरवी असा डेटा गोळा करायचा तर संमती घ्यावी लागते, आणि संमती मागताना सोबत नोटीस द्यावी लागते. पण कलम ७ मध्ये काही ‘वैध वापर’ दिले आहेत, ज्यांना संमती लागत नाही. नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाला नुकसान किंवा कायदेशीर जबाबदारीपासून वाचवण्यासाठी होणारा वापर हा त्यांपैकी एक. संमतीच नको म्हटल्यावर तिच्याबरोबरची नोटीसही कायद्याने सक्तीची राहत नाही. शिवाय आपला कोणता डेटा तुमच्याकडे आहे हे विचारण्याचा, तो दुरुस्त करून घेण्याचा किंवा पुसून टाकायला लावण्याचा हक्क कायद्याने संमती दिलेल्यांपुरता ठेवला आहे. म्हणजे बँकेच्या ग्राहकाला जे मागता येते, ते कॅमेऱ्याखाली काम करणाऱ्या नोकराला या कायद्याच्या आधारे हक्काने मागता येईलच असे नाही.

त्याच्या हातात काहीच उरत नाही असे मात्र नाही. डेटा सुरक्षित ठेवणे आणि गरज संपली की पुसणे ही मालकाची जबाबदारी संमती असो वा नसो, कायम आहे; सुरक्षेत हयगय झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. तक्रार ऐकून घेण्याची सोय ठेवणेही बंधनकारक आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मालकांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांसाठी तिथून अठरा महिन्यांची मुदत आहे, म्हणजे मे २०२७. पण तक्रार करायची तर काय ठरले होते आणि काय घडले हे दाखवता आले पाहिजे. काय ठरले होते, हे सांगणारा कागद म्हणजे नोटीस.

एक उदाहरण घेऊन नोटीस लिहूनच पाहू. समजा, भिवंडीत औषधांच्या एका वितरकाचे गोडाऊन आहे. चाळीस माणसे कामाला आहेत. कॅमेरे दहा: फाटकावर एक, माल चढवण्या-उतरवण्याच्या धक्क्यावर दोन, रॅकच्या गल्ल्यांत चार, पॅकिंगच्या टेबलांवर दोन आणि ऑफिसात पैसे मोजण्याच्या टेबलावर एक. त्या गोडाऊनच्या नोटीस बोर्डावर असे काही लागायला हवे:

“या गोडाऊनमध्ये दहा कॅमेरे आहेत. त्यांच्या जागा खालच्या नकाशात दाखवल्या आहेत. स्वच्छतागृहे, कपडे बदलण्याची खोली आणि डबा खाण्याची खोली इथे कॅमेरा नाही आणि लावला जाणार नाही. कोणत्याही कॅमेऱ्यात आवाज रेकॉर्ड होत नाही.

“रेकॉर्डिंगचा उपयोग तीन गोष्टींसाठी होतो: मालाची चोरी किंवा तूट शोधणे, अपघाताची चौकशी करणे, आणि माल मोजण्यावरून ट्रान्सपोर्टवाल्यांशी वाद झाल्यास तो सोडवणे. हजेरी, कामाचा वेग किंवा सुट्टीची वेळ मोजण्यासाठी त्याचा उपयोग होत नाही.

“रेकॉर्डिंग तीस दिवस राहते, नंतर आपोआप पुसले जाते. एखाद्या घटनेची चौकशी चालू असेल तर तेवढाच भाग काढून चौकशी संपेपर्यंत ठेवला जातो आणि त्याची नोंद रजिस्टरमध्ये होते.

“रेकॉर्डिंग फक्त गोडाऊन मॅनेजर आणि मालक पाहू शकतात. प्रत्येक वेळी कोणी, कधी आणि कशासाठी पाहिले याची नोंद होते. पोलिसांनी लेखी मागणी केल्यास किंवा न्यायालयाचा आदेश असल्यास ते दिले जाते.

“स्वतः दिसत असलेले रेकॉर्डिंग पाहण्यासाठी कोणीही लेखी अर्ज करू शकतो. सात दिवसांत उत्तर मिळेल. कोणावर रेकॉर्डिंगच्या आधारे आरोप झाला, तर तो भाग त्याला आधी दाखवला जाईल आणि त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय कारवाई होणार नाही. तक्रार अमुक पदावरच्या व्यक्तीकडे, अमुक नंबरवर करावी. नोटीस लावल्याची तारीख. सही.”

वाचायला दोन मिनिटे लागतात, पण यातली एकेक ओळ मालकाला काहीतरी करायला लावते.

उद्देशाची ओळ घ्या. सर्वांत जास्त घसरण इथेच होते. चोरीसाठी म्हणून लावलेला कॅमेरा सहा महिन्यांनी ‘अकरा वाजता वीस मिनिटे कुठे होतास’ असे विचारायला वापरला जातो. मालकाच्या मोबाइलवर अॅप असते, घरी बसून तो पॅकिंगचे टेबल पाहतो आणि सुपरवायझरला फोन करतो. म्हणून कशासाठी नाही, हेही नोटिशीत लिहायला हवे. कामाचा वेग खरोखरच पाहायचा असेल तर तसे उघड लिहावे आणि त्यावरचा वाद आधीच होऊ द्यावा. उद्देश बदलल्याची खूण कॅमेऱ्याच्या तोंडावरून कळते. माल पाहायचा असेल तर चौकटीत रॅक, खोकी आणि हात दिसतात; माणूस पाहायचा असेल तर चौकटीत खुर्ची आणि चेहरा येतो. पॅकिंगच्या टेबलावरचा कॅमेरा हळूच वळवला गेला, तर भिंतीवरच्या नोटिशीचा एक शब्दही न बदलता ती खोटी ठरते.

जागांच्या ओळीबद्दल थोडेच सांगायचे आहे. स्वच्छतागृहात किंवा कपडे बदलण्याच्या खोलीत कॅमेरा लावणे कोणत्याही नोटिशीने कायदेशीर होत नाही. तिथे भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-ई येते, आणि शिक्षा तुरुंगवासाची आहे. आवाजाचा उल्लेख मुद्दाम केला आहे, कारण बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच वाय-फाय कॅमेऱ्यांत मायक्रोफोन असतो आणि तो बंद केल्याशिवाय चालूच राहतो. दोघांचे बोलणे टिपणे हे त्यांना चालताना टिपण्यापेक्षा कितीतरी खोलवर जाते.

आता दिवसांचा आकडा. नोटिशीत तो सहज लिहिला जातो आणि सहज खोटा ठरतो. फुटेज किती दिवस राहणार हे नोटीस ठरवत नाही, डीव्हीआरमधली हार्ड डिस्क ठरवते. आपल्या गोडाऊनचे गणित करू. साधारण दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिट या दराने चोवीस तास रेकॉर्ड करत असेल, तर त्याला दिवसाला साडेएकवीस जीबीच्या आसपास जागा लागते. दहा कॅमेऱ्यांना सव्वादोनशेच्या जवळपास. डीव्हीआरमध्ये चार टीबीची डिस्क असेल तर ती अठरा-एकोणीस दिवसांत भरते, आणि मग यंत्र सर्वांत जुने रेकॉर्डिंग पुसून त्यावर नवे लिहू लागते. नोटीस म्हणते तीस दिवस, डिस्क म्हणते अठरा. पुढे कोणीतरी आणखी दोन कॅमेरे लावतो, डिस्क तीच राहते, आणि दिवस पंधरावर येतात. कोणी काही पुसलेले नसते, कोणाला काही कळलेलेही नसते. कळते ते विसाव्या दिवशी, जेव्हा एखादा कामगार म्हणतो की ती पेटी मी घेतली नाही, फुटेज काढा.

हे तपासायला तंत्रज्ञ लागत नाही. डीव्हीआरच्या प्लेबॅकमध्ये कॅलेंडर असते, ज्या तारखांचे रेकॉर्डिंग आहे त्यांवर खूण असते. सर्वांत जुनी खूण किती दिवसांपूर्वीची आहे ते महिन्यातून एकदा पाहावे आणि रजिस्टरमध्ये लिहावे. त्याच वेळी पडद्यावरचे घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहावे. डीव्हीआर इंटरनेटला जोडलेला नसेल तर त्याचे घड्याळ हळूहळू सरकते, आणि चौकशीत ‘दुपारी दोन वाजून दहा’ म्हटले की नेमकी कुणाची पाळी होती यावरच सगळे अवलंबून असते. तीस दिवसांचे वचन पाळायचे तर आठ टीबीची डिस्क घालावी, किंवा नव्या पद्धतीच्या कमी जागा खाणाऱ्या रेकॉर्डिंगवर जावे, किंवा सरळ पंधरा दिवस लिहावे. खऱ्या पंधरा दिवसांना खोट्या तीस दिवसांपेक्षा जास्त किंमत आहे.

किती दिवस योग्य, याचे एकच उत्तर नाही. फ्रान्स आणि स्पेनमध्ये साधारण एक महिन्याची मर्यादा आहे. युरोपीय संघाच्या डेटा मंडळाचे मार्गदर्शन तर असे की, बहात्तर तासांपलीकडे जितके जास्त दिवस ठेवाल तितके सबळ कारण द्यावे लागेल. जर्मनीत एका ऑनलाइन विक्रेत्याला कामगारांवर बेकायदा कॅमेरे ठेवल्याबद्दल जानेवारी २०२१ मध्ये १.०४ कोटी युरोंचा दंड ठोठावला गेला, तेव्हा अनेक ठिकाणी साठ दिवस रेकॉर्डिंग ठेवले जात होते हाही आक्षेप होता. आपल्या २०२५ च्या नियमांत मात्र उलट दिशेने ओढणारी एक तरतूद आहे: सरकारी मागणीसारख्या काही कारणांसाठी वैयक्तिक डेटा आणि त्याच्या नोंदी किमान एक वर्ष ठेवाव्यात. ती सीसीटीव्हीला शब्दशः लावली, तर आपल्या गोडाऊनला जवळजवळ ऐंशी टीबी जागा लागेल. छोट्या धंद्याला हे झेपणारे नाही, आणि कामगाराच्या बाजूनेही वर्षभराचे चित्रण कुणाच्या तरी कपाटात पडून राहणे धोक्याचेच. ही तरतूद लागू होण्यापूर्वी नोटिशीतला आकडा वकिलाला दाखवून पक्का करणे शहाणपणाचे.

जास्त दिवस ठेवणे नेहमी मालकाच्याच फायद्याचे असते असेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० च्या आदेशात देशभरच्या पोलीस ठाण्यांत कॅमेरे बसवायला सांगितले, तेव्हा रेकॉर्डिंग अठरा महिने आणि ते जमत नसेल तर निदान एक वर्ष ठेवायला सांगितले, कारण तिथे फुटेज हा कोठडीतल्या माणसाचा पुरावा असतो. त्याच आदेशात प्रत्येक ठाण्याच्या दारात आणि आत पाटी लावायला सांगितली आहे: इथे कॅमेरा आहे, रेकॉर्डिंग किमान इतके दिवस जपले जाते, आणि मानवी हक्कांचा भंग झाल्यास ते मिळवण्याचा तुम्हाला हक्क आहे. तीही इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत. भारतात पाटीने काय सांगावे याचा इतका नेमका नमुना दुसरा माझ्या पाहण्यात नाही. ठाण्यात आणलेल्या माणसाला जे सांगितले जाते, ते गोडाऊनमध्ये खोकी उचलणाऱ्याला सांगायला काय हरकत आहे?

भाषेचा मुद्दा भिवंडीत तर फारच खरा आहे. तिथल्या गोडाऊनांत उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेली माणसे मोठ्या संख्येने आहेत. इंग्रजीत टाइप केलेली दोन पानी ‘पॉलिसी’ नेमणूकपत्राबरोबर सही करून घेतली, म्हणजे माहिती दिली असे होत नाही. नोटीस मराठीत आणि हिंदीत हवी, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना पाळी सुरू होताना एकदा वाचून दाखवायला हवी. नुसते तोंडी सांगूनही भागत नाही. फ्रान्समधल्या डेटा संरक्षण संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये घरे-जमिनींच्या व्यवहारातल्या एका कंपनीला चाळीस हजार युरोंचा दंड केला. तिने कर्मचाऱ्यांवर सतत कॅमेरा ठेवला होता, तोही आवाजासकट, आणि शिवाय त्यांच्या संगणकांत असे सॉफ्टवेअर घातले होते जे ठरावीक मिनिटे कीबोर्ड किंवा माउस हलला नाही की तो वेळ रिकामा म्हणून मोजायचे आणि अधूनमधून पडद्याचे फोटो घ्यायचे. कर्मचाऱ्यांना आम्ही तोंडी सांगितले होते, असे कंपनी म्हणाली. लेखी काही नव्हते, म्हणून तोही भंगच ठरला. आपल्याकडे घरून काम करणाऱ्यांच्या लॅपटॉपमध्ये असली सॉफ्टवेअर आणि डिलिव्हरी करणाऱ्यांच्या फोनमध्ये लोकेशन असते. त्यांच्यासाठी भिंतीवरची नोटीस उपयोगाची नाही. तिथे काय टिपले जाते, किती वेळाने, ड्यूटी संपल्यावर ते बंद होते का आणि कोण पाहतो, हे त्या यंत्रावर किंवा मेलवर लेखी यायला हवे.

गोडाऊनमध्ये आणखी एक गट असतो, जो नोटीस लिहिताना विसरला जातो. माथाडी मंडळाकडून येणारे हमाल, ट्रान्सपोर्टचे ड्रायव्हर, ठेकेदाराचे सफाई कामगार आणि माल घ्यायला आलेले दुकानदार कॅमेऱ्यात रोज येतात, पण ते या मालकाचे नोकर नसतात. नोकरीच्या कारणासाठी संमती नको, ही कलम ७ ची सवलत त्यांच्याबाबतीत ताणली जाऊ शकत नाही. म्हणून फाटकावर, आत पाऊल टाकण्यापूर्वी दिसेल अशी एक छोटी पाटी वेगळी हवी: रेकॉर्डिंग चालू आहे, कशासाठी, किती दिवस, आणि विचारायचे असेल तर कोणाला.

फुटेज कोण पाहतो ही ओळही जपावी लागते. कॅमेरे बसवणारा माणूस डीव्हीआरचा पासवर्ड स्वतःकडेच ठेवतो, कारण देखभालीचे कंत्राट त्याचेच असते. सुपरवायझर गमतीचा म्हणून एखादा तुकडा मोबाइलवर घेतो आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतो. त्या क्षणी तीस दिवसांची मर्यादा संपली; डिस्क स्वतःचे पुसेल, ग्रुप पुसणार नाही. रजिस्टरमधली ‘कोणी, कधी, कशासाठी’ ही नोंद त्यासाठीच आहे.

आणि आरोप झाला तर? ज्याच्यावर झाला त्याने त्याच दिवशी लेखी अर्ज द्यावा, कारण डिस्क रोज एक दिवस गिळते. अर्जात फक्त ‘फुटेज द्या’ असे लिहू नये. तारीख, तासापासून तासापर्यंतची वेळ, कोणत्या जागेचा कॅमेरा, आणि ‘हा भाग पुसला जाऊ नये म्हणून वेगळा काढून ठेवावा’ असे स्पष्ट लिहावे. प्रत करून पोच घ्यावी. मालक पोच देत नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवावे. वेळ मागताना घटनेच्या आधीची आणि नंतरची अर्धा अर्धा तास जास्त मागावी, कारण पेटी टेबलावरून कोणी उचलली हे दहा सेकंदांत दिसते, पण तिला टेबलावर कोणी आणले हे त्याच्या आधी दिसते. प्रकरण न्यायालयात गेले, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्या फुटेजसोबत प्रमाणपत्र लागते. म्हणून मोबाइलने पडद्याचे केलेले शूटिंग नको, डीव्हीआरमधून थेट काढलेली फाइल हवी. फाइल काढताना अर्जदार किंवा त्याने सांगितलेला सहकारी समोर उभा असावा आणि रजिस्टरमध्ये दोघांच्या सह्या व्हाव्यात.